बरणीतून बाहेर पडलेला गॅस

अभियांत्रिकी कॉलेजांच्या प्रकल्प-प्रदर्शनात ओल्या कचऱ्याच्या बायोगॅसचं एक तरी टेबल असतंच. पाण्याची 20 लिटरची बरणी, झाकणातून निघालेली पारदर्शक नळी आणि नळीच्या टोकाला फुगलेली टायरची ट्यूब. परीक्षक विचारतात, "गॅस किती तयार होतो?" मुलं ट्यूब दाबून दाखवतात. ट्यूबमध्ये नेमके किती लिटर आहेत, त्यात मिथेन किती आणि हवा किती, हे तिच्याकडे पाहून सांगता येत नाही. बरणीच्या आतलं काम जिवाणू करतात आणि ते बऱ्यापैकी चोख करतात. गॅस बाहेर पडला की तो धरायचा, मोजायचा, ओळखायचा आणि धोका न पत्करता जाळायचा, हे सगळं काम विद्यार्थ्याचं. प्रकल्पातली खरी अभियांत्रिकी तिथेच आहे, आणि अपघात होण्याची जागाही तीच.

ट्यूबपेक्षा कितीतरी चांगली व्यवस्था आपल्याकडे आधीपासून आहे. गोबर गॅसच्या संयंत्रात शेणकाल्यावर तरंगणारा लोखंडी ड्रम 1950च्या दशकात जशभाई पटेल यांनी रुळवला आणि पुढे खादी ग्रामोद्योग आयोगाने तो देशभर नेला. पुण्यातल्या 'आरती' या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी हीच कल्पना स्वयंपाकघरातल्या खरकट्यासाठी वापरली. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या दोन टाक्या, एक जरा मोठी, दुसरी जरा लहान. लहान टाकी मोठीत उपडी. या छोट्या संयंत्रासाठी 'आरती'ला 2006 मध्ये अॅशडेन पुरस्कार मिळाला. त्यामागचा विचार साधा होता. शेण म्हणजे जनावराने पचवून उरलेला चोथा, तर शिळा भात, पोळी, खराब झालेलं पीठ यांच्यातला स्टार्च जिवाणूंना अजून पूर्ण शिल्लक असतो. म्हणून किलोमागे खरकट्याचा गॅस शेणापेक्षा खूप जास्त आणि खूप लवकर मिळतो. पण खरकटं लवकर आंबतंही. त्याकडे पुढे येऊ.

कॉलेजच्या प्रयोगासाठी 20 लिटरची बरणी पुरते. त्यात 15 लिटर काला ठेवायचा आणि वरचे 5 लिटर फेसासाठी आणि गॅससाठी मोकळे सोडायचे. सुरुवातीचं विरजण म्हणून चालू गोबर गॅस संयंत्रातून बाहेर पडणारा काला मिळाला तर सर्वांत उत्तम. नाही मिळाला तर ताजं शेण आणि पाणी निम्मं-निम्मं. शेणावर सुरुवात केली तर पहिले दोन-तीन आठवडे खरकटं घालायची घाई करू नये.

मग रोज किती घालायचं? इथे अंदाज चालत नाही. घरच्या ओल्या कचऱ्यात साधारण तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. 100 ग्रॅम कचरा वाळवला तर वीसेक ग्रॅम घनपदार्थ उरतो, आणि त्यातला बहुतेक भाग जिवाणूंना खाता येण्याजोगा सेंद्रिय असतो. तापवून न घेतलेल्या, न ढवळलेल्या बरणीला दर लिटर काल्यामागे रोज दीड ग्रॅम सेंद्रिय पदार्थ झेपतो. 15 लिटरला झाले साडेबावीस ग्रॅम, म्हणजे ओला कचरा सुमारे 110 ते 120 ग्रॅम. एक मध्यम वाटी. तो मिक्सरमधून काढून पाणी घालून अर्धा लिटर करायचा आणि आत ओतायचा. तेवढाच अर्धा लिटर काला दुसऱ्या नळीने बाहेर पडतो. 15 लिटरात रोज अर्धा लिटर, म्हणजे आत गेलेला कचरा सरासरी 30 दिवस मुक्काम करतो. नीट चाललं तर एक ग्रॅम सेंद्रिय पदार्थ साधारण अर्धा लिटर गॅस देतो. रोजची अपेक्षा 11 लिटर. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा, कारण पुढचं सगळं याच्याशी ताडून पाहायचं आहे.

बरणीत कचरा घालण्याची नळी थेट तळापर्यंत गेली पाहिजे आणि काला बाहेर पडण्याची नळीही काल्यात बुडालेली हवी. दोन्ही नळ्यांची आतली तोंडं द्रवाखाली असली की त्या वरून उघड्या राहिल्या तरी गॅस त्यांतून निसटत नाही. माथ्यावर फक्त गॅसचा टँक निपल, मग बॉल व्हॉल्व्ह, मग नळी. सांध्यांना टेफ्लॉन टेप आणि एम-सील. शेण भरण्यापूर्वी बरणीत साधं पाणी भरून नळ्यांची तोंडं बंद करावीत, सायकलच्या पंपाने हलकीशी हवा द्यावी आणि इंग्रजी यू आकाराच्या, पाणी भरलेल्या नळीवर दाब पाहावा. दोन बाजूंच्या पाण्यात 10 सेंटिमीटरचा फरक आला की पंप थांबवायचा. पाव तास तो फरक टिकला तर ठीक. उतरत असेल तर साबणाचं पाणी ब्रशने सांध्यांवर लावायचं. जिथे गळती आहे तिथे बारीक बुडबुड्यांची पांढरी चकती हळूहळू फुगताना दिसते. आगपेटीच्या काडीने गळती शोधू नये, आज नाही आणि गॅस भरल्यावर तर अजिबात नाही.

आता गॅस धरायचा. सुमारे 25 सेंटिमीटर व्यासाची, 11-12 लिटरची एक बादली, पाण्याने भरलेल्या तिच्याहून जराशा मोठ्या आणि तितक्याच खोल ड्रममध्ये उपडी ठेवायची. बरणीकडून येणारी नळी पाण्याखालून वर जाऊन उपड्या बादलीच्या आत, पाण्याच्या पातळीच्या वर उघडते. गॅस आला की बादली वर सरकते. बाजूला पट्टी चिकटवली की रोजचे लिटर डोळ्यांनी वाचता येतात. या व्यासाची बादली एक सेंटिमीटर उचलली गेली तर आत सुमारे अर्धा लिटर गॅस आला. म्हणजे आपल्या अपेक्षेचे 11 लिटर जमले तर ती 22 सेंटिमीटरच्या आसपास चढेल. भरली की कडेखालून बुडबुडे सुटतील, फुटणार काहीच नाही. ट्यूबला, काचेच्या बाटलीला किंवा घट्ट झाकणाच्या डब्याला ही सोय नसते. तिथे दाब वाढत जातो आणि तो किती झाला हे फुटेपर्यंत कळत नाही.

दाबाचा हिशेब सोपा आहे. बादलीचं वजन ग्रॅममध्ये, भागिले तिच्या तोंडाचं क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये. उत्तर येतं ते पाण्याचे सेंटिमीटर. 25 सेंटिमीटर व्यासाच्या तोंडाचं क्षेत्रफळ 490. रिकामी बादली अर्धा किलोची असेल तर दाब जेमतेम एक सेंटिमीटर. एवढ्याशा दाबावर बर्नर नीट चालत नाही; त्याला 8 सेंटिमीटर तरी हवेत, म्हणजे एकूण वजन चार किलोच्या घरात. म्हणून विद्यार्थी बादलीवर विटा ठेवतात आणि त्या तशाच राहू देतात. इथे एक चूक लपलेली आहे. तो 8 सेंटिमीटरचा दाब नळीतून उलटा बरणीवरही पडतो. बरणीच्या काल्याची पातळी तेवढी खाली ढकलली जाते आणि काला आत-बाहेरच्या नळ्यांत चढून सांडतो. बरणीचा व्यास 27 सेंटिमीटर धरला तर 8 सेंटिमीटर म्हणजे साडेचार लिटर काला. 15 लिटरचा प्रयोग परस्पर साडेदहाचा होतो, आणि मुक्कामाचे 30 दिवस 21 वर येतात. मग अहवालातले सगळे भागाकार चुकतात, आणि कुठे चुकले ते सापडत नाही.

त्यामुळे गॅस साठताना बादली रिकामीच तरंगू द्यावी. जाळायच्या वेळी आधी बरणीचा व्हॉल्व्ह बंद करावा, मग बादलीवर वजन ठेवावं, मधोमध, म्हणजे ती कलणार नाही. जाळून झाल्यावर वजन काढून मगच व्हॉल्व्ह उघडायचा. एवढ्या वेळात बरणीत जमलेला गॅस फार तर काला थोडा नळीत वर सरकवतो. ती उघडी नळी हीच तिची दाब सोडण्याची वाट. म्हणून कचरा घालून झाल्यावर त्या नळीला बूच मारू नये.

यापुढचा भाग मी सर्वांत जास्त महत्त्वाचा मानतो: हवा. मिथेन हवेत साधारण 5 ते 15 टक्के असेल तरच पेटतो. त्याहून कमी असेल तर ज्योत टिकत नाही, त्याहून जास्त असेल तर नळीच्या आत जळायला ऑक्सिजन पुरत नाही, फक्त तोंडाशी जळतो. मधल्या पट्ट्यातलं मिश्रण बंद भांड्यात असलं तर मात्र स्फोट होतो. पहिल्या दिवशी बरणीच्या डोक्यावरच्या 5 लिटर जागेत निव्वळ हवा असते. नवा गॅस तिला ढकलून बाहेर काढत नाही, तिच्यात मिसळतो. 5 लिटर जागेतून 5 लिटर गॅस गेला तरी जुन्या हवेचा एक तृतीयांशाहून जास्त भाग आत उरतो. 15 लिटर गेला की उरतो वीसावा हिस्सा. म्हणून बादली दोनदा पूर्ण भरू द्यावी आणि दोन्ही वेळा मोकळ्या जागेत, जवळपास कुठलीही ज्योत नसताना सोडून द्यावी. बादली पाण्यात पूर्ण दाबून बसवली की तिच्यातली हवा सगळी निघून जाते. ट्यूब आणि पिशवी यांच्या बाबतीत एवढी खात्री कधीच देता येत नाही.

तिसऱ्या भरणीला परीक्षा घ्यायची. पाण्याने भरलेली छोटी परीक्षानळी पाण्याखाली उपडी धरून तिच्यात गॅस घ्यायचा, बोटाने तोंड बंद करायचं आणि नळी संचापासून चार-पाच मीटर लांब न्यायची. डोळ्यांवर चष्मा. मग तोंडाशी ज्योत धरायची. तीन गोष्टींपैकी एक होते. काहीच झालं नाही आणि ज्योतच विझली, तर बहुतेक कार्बन डायऑक्साइड आहे, थांबा. फट्कन आवाज आला, तर हवा मिसळलेली आहे. ती भरणी सोडून द्या आणि गळती शोधा. निळसर ज्योत आवाज न करता नळीत हळूहळू खाली सरकली, तर गॅस जाळण्याजोगा झाला. परीक्षानळीत झालेला 'फट्' चालतो. तोच बादलीत होऊ नये म्हणून तर ही परीक्षा.

हवा नंतरही आत शिरू शकते, आणि बहुधा ओढली जाऊन शिरते. तळाच्या तोटीतून एकदम दोन-तीन लिटर काला काढला की वर पोकळी होते. रात्री गारवा पडला की गॅस आकसतो. काला आंबट झाला म्हणून कोणी मूठभर चुना टाकतं. चुना कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि दाब झपाट्याने उतरतो. त्यामुळे काला फक्त भरताना आपोआप सांडेल तेवढाच काढावा, आणि आंबटपणावर चुन्यापेक्षा खाण्याचा सोडा बरा.

बादली आणि बर्नर यांच्यामध्ये दोन बाटल्या लागतात. पहिलीत लोखंडी काथ्या, भांडी घासायची स्टील वुल असते ती, पण स्टेनलेस नव्हे. पाण्यात भिजवून दोन-तीन दिवस गंज चढलेली. खरकट्यातल्या डाळी, अंडी, कांदा, कोबी यांच्यातलं गंधक हायड्रोजन सल्फाइड होऊन बाहेर येतं. कुजलेल्या अंड्याचा वास तो हाच, आणि तो विषारी आहे. थोडा असताना नाकाला लगेच कळतो. खूप असेल तर नाकच बधिर होतं आणि वास गेल्यासारखा वाटतो, म्हणून वासावर विसंबू नये. लोखंडाचा गंज तो धरून ठेवतो आणि तपकिरी काथ्या काळा पडत जातो. काळेपणा बाटलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचला की काथ्या बदलायचा. हा वापरलेला काथ्या कोरडाच कचऱ्यात टाकू नये. हवेशी पुन्हा संयोग होताना तो स्वतःहून तापतो, कधी पेटही घेतो. बाहेर काढून थेट पाण्याच्या डब्यात टाकायचा.

दुसरी बाटली पाण्याची. बादलीकडची नळी तिच्यात चार-पाच सेंटिमीटर बुडालेली, बर्नरकडची पाण्याच्या वर. गॅस बुडबुड्यांनी पुढे जातो, पण ज्योत बर्नरमधून उलटी आली तर पाण्याशी थांबते. या पाण्यात चार-पाच सेंटिमीटर दाब खर्च होतो. तेवढं वजन बादलीवर वाढवावं लागतं, अडीच किलोच्या आत. नळ्या उलट्या जोडल्या तर ही बाटली निरुपयोगी ठरते, उलट तिच्यातलं पाणी बर्नरमध्ये फेकलं जातं. म्हणून जोडणी झाल्यावर बुडबुडे कोणत्या नळीच्या टोकाशी फुटतात ते दरवेळी पाहावं.

पेटवताना काडी आधी, व्हॉल्व्ह नंतर. घरचा एलपीजी बर्नर इथे तसाच चालत नाही. एलपीजीला स्वतःच्या पंचवीसपट किंवा त्याहून जास्त हवा लागते, बायोगॅसला सहापटीच्या आसपास पुरते. त्यामुळे बायोगॅसला जेटचं भोक मोठं आणि हवेची वाट लहान लागते. प्रयोगशाळेतला बन्सेन बर्नर हवेची भोकं जवळजवळ बंद करून वापरला तर काम होतं. ज्योत इतकी फिकट निळी असते की उन्हात दिसत नाही, त्यामुळे वर हात नेण्याआधी सावलीत पाहावं. आपल्या रोजच्या 11 लिटरमध्ये साठ टक्के मिथेन धरला तर उष्णता सुमारे 210 किलोज्यूल. निम्मी भांड्यापर्यंत पोचली तर साधारण तीनशे मिली पाणी उकळतं, म्हणजे दोन कप चहा. एवढ्याशा बरणीकडून याहून जास्त दाखवण्याच्या नादात गॅस फ्रिजच्या कॉम्प्रेसरने सिलिंडरमध्ये भरण्याचे प्रयोग होतात. ते कॉलेजमध्ये कोणीही करू नयेत. त्यात दाबही आहे, हवा मिसळण्याची शक्यताही आहे आणि ठिणगीही.

आता तो आंबण्याचा प्रश्न. प्रयोगाच्या दुसऱ्या महिन्यात एक विचित्र गोष्ट घडते: बादली रोजच्यासारखी चढते, कधी जरा जास्तच, पण ज्योत धरत नाही. कचऱ्याचं आधी आम्ल होतं आणि मग आम्लाचा मिथेन. आम्ल करणारे जिवाणू चपळ, मिथेन करणारे सावकाश. हौसेने वाटीऐवजी दोन वाट्या घातल्या, किंवा डिसेंबरात पुण्यासारख्या ठिकाणी रात्री पारा 10-12 अंशांवर गेला, की सावकाश मंडळी मागे पडतात. आम्ल साठतं, मिथेन थांबतो आणि निघत राहतो तो कार्बन डायऑक्साइड. लिटर मोजणाऱ्याला सगळं आलबेल दिसतं. म्हणून लिटरांसोबत गॅस काय आहे हेही मोजलंच पाहिजे.

त्यासाठी 60 मिलीची प्लॅस्टिकची पिचकारी पुरते. 40 मिली गॅस घ्यायचा, मग कॉस्टिक सोड्याचं सुमारे दहा टक्के द्रावण 10 मिली ओढायचं, तोंड बंद करून मिनिटभर हलवायचं आणि तोंड त्याच द्रावणात बुडवून उघडायचं. शोषल्या गेलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या जागी द्रावण आत चढतं. 24 मिली गॅस उरला तर साठ टक्के, 14 उरला तर पस्तीस. कॉस्टिक कातडी आणि डोळे जाळतं, तेव्हा हातमोजे आणि चष्मा लागतोच. आणि उरलेलं सगळं मिथेनच असेल असंही नाही, त्यात हवाही असू शकते. परीक्षानळीतली 'फट्' ती शंका मिटवते.

याहून आधी सूचना देणारी एक चाचणी आहे. गाळलेल्या काल्यात पातळ सल्फ्युरिक आम्ल थेंबाथेंबाने घालत पीएच 5.75 पर्यंत आणायचा आणि लागलेलं आम्ल लिहायचं. मग तिथून 4.3 पर्यंत किती लागलं ते. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागायचं. पहिल्या टप्प्यात 10 मिली आणि दुसऱ्यात 3 लागले, तर गुणोत्तर 0.3, म्हणजे बरणी सुखरूप. 7 आणि 5 लागले तर 0.7, म्हणजे आम्ल चढलंय, जरी नुसता पीएच अजून 7 च्या जवळ दिसत असला. काल्यातला क्षार पीएचला सावरून धरतो आणि संपला की एकदम सोडून देतो, म्हणून पीएचची पट्टी उशिरा बोलते. गुणोत्तर चढलेलं दिसताच कचरा तीन-चार दिवस बंद करायचा, एक-दोन लिटर काला बदलून ताजा शेणकाला घालायचा, बरणी उन्हात काळ्या कापडात ठेवायची, आणि लागलाच तर खाण्याचा सोडा चमचा-चमचा. गॅस पुन्हा पेटायला लागला की अर्ध्या वाटीपासून सुरुवात.

तोंडी परीक्षा झाल्यावर संच उलगडणं हाही प्रयोगाचाच भाग आहे, आणि तो बहुधा घाईत होतो. बादलीतला गॅस बर्नरवर जाळून संपवावा, बरणीचा व्हॉल्व्ह उघडून ती गच्चीवर किंवा मैदानात दिवसभर मोकळी ठेवावी, मगच झाकण काढावं. आत डोकावून हुंगू नये. काला पाण्याने पातळ करून झाडांच्या आळ्यात जिरवता येतो. गंजाचा काथ्या पाण्यातच ठेवावा, हवेशी हळूहळू पुन्हा तपकिरी होऊ द्यावा आणि मग टाकावा.